पाच उणे चार बरोबर एक, मग नाभी शहाऐंशीवर का?

मागच्या नोंदीत मी मोठ्या आत्मविश्वासाने लिहिले होते की, प्लस पाचचे बहिर्वक्र आणि मायनस चारचे अंतर्वक्र भिंग एकमेकांना चिकटवून प्लस एकची, म्हणजे बरोबर एक मीटर नाभीय अंतराची जोडी तयार होईल आणि पुढच्या रविवारी ती नळीत बसलेली असेल. तो रविवार येऊन गेला. पाथर्डी फाट्यावरच्या आमच्या गच्चीतून सकाळच्या उन्हात उजळलेला त्रिरश्मीचा डोंगर ट्रेसिंग पेपरवर अगदी रेखीव उमटला, पण तो शंभर सेंटिमीटरवर नव्हे, तर साडेशहाऐंशीवर. भाच्याने टेप तीनदा लावली आणि तिन्ही वेळा आकडा तोच आला.

गेल्या वेळी काही जणांनी विचारले होते की, प्लस एकचे साधे भिंग चष्म्याच्या दुकानात सहज मिळत असताना हा उपद्व्याप कशासाठी. कारण असे की, मला पुढे क्राउन आणि फ्लिंट काचेची रंगदोष घालवणारी जोडी बसवायची आहे. तीत एक भिंग अभिसारी आणि दुसरे अपसारीच असणार. महागड्या काचेला हात लावण्यापूर्वी चिन्हांचा हिशेब स्वस्त काचेवर पक्का व्हावा, एवढाच हेतू होता. सध्याची दोन्ही भिंगे साध्या क्राउन काचेची असल्याने रंगांच्या बाबतीत या जोडीकडून काहीच अपेक्षा नव्हती.

पहिला संशय अर्थातच मायनस चारवर गेला. ज्या विक्रेत्याकडून ही भिंगे मागवली, त्याच्या पाकिटावर फक्त ‘२५ सेंमी’ असे छापलेले होते आणि चिन्हाचा पत्ता नव्हता. अंतर्वक्र भिंगाच्या पाकिटावर उणे चिन्ह न छापणे हा माझ्या मते निव्वळ निष्काळजीपणा आहे, कारण ते चिन्ह विसरून पाच अधिक चार केले तर नऊ डायऑप्टर, म्हणजे अकरा सेंटिमीटरची जोडी निघते. (मी स्वतः वहीत एकदा तसे केले होते आणि पंधरा मिनिटे नळी चुकीच्या लांबीची कापण्याच्या बेतात होतो.) सेंटिमीटरांची थेट वजाबाकी करणाऱ्यांचे तर आणखी हाल होतात. पंचवीस उणे वीस म्हणजे पाच, हा आकडा कशाचाच नसतो. बेरीज-वजाबाकी होते ती मीटरमधल्या नाभीय अंतराच्या व्यस्ताची, म्हणजेच डायऑप्टरची.

मायनस भिंग एकट्याने पडद्यावर प्रतिमा देत नाही, त्यामुळे त्याची शक्ती टेपने थेट मोजता येत नाही. म्हणून मी ते घेऊन रविवार कारंजाजवळच्या माझ्या ओळखीच्या चष्मेवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी लेन्सोमीटर बाजूला ठेवून जुनी पद्धत वापरली, आणि ती पाहणे हा या आठवड्यातला सर्वांत आनंदाचा भाग ठरला. मायनस भिंगातून समोरच्या दुकानाची पाटी पाहत भिंग डावीकडे सरकवले की पाटीही डावीकडे सरकते, तर प्लस भिंगात ती उलट दिशेने पळते. काकांनी माझ्या भिंगावर ट्रायल सेटमधले प्लस पावणेचार ठेवले, तेव्हा पाटी अजून किंचित सोबत सरकत होती. प्लस सव्वाचार ठेवल्यावर ती उलट जाऊ लागली, आणि प्लस चार ठेवल्यावर भिंगांची जोडी कितीही हलवली तरी पाटी जागची हलेना. उणे चार अधिक चार म्हणजे शून्य, हे गणित डोळ्यांनी दिसले. “भिंग बरोबर आहे, गडबड तुमच्या नळीत आहे,” असे काका म्हणाले, आणि ते खरे निघाले.

तरीही मी लगेच मानले नाही. साडेशहाऐंशी सेंटिमीटर म्हणजे सुमारे १.१६ डायऑप्टर. भिंग उणे चारऐवजी उणे ३.८४ असले तरी तेवढेच उत्तर आले असते, आणि डोळ्याने इतका बारीक फरक पकडणे अवघड आहे. म्हणून मी भिंगांची चौकट काढून ती जशीच्या तशी उलटी बसवली, म्हणजे आधी डोंगराकडे बहिर्वक्र होते तिथे आता अंतर्वक्र आले. भिंगाचा नंबर चुकलेला असता तर दोन्ही बाजूंनी अंतर सारखेच भरले असते, कारण खरोखर चिकटलेल्या पातळ भिंगांना पुढचे-मागचे काही नसते. पण या वेळी डोंगर साडेएक्क्याण्णव सेंटिमीटरवर स्पष्ट झाला. दोन्ही वेळा मोजमाप मागच्या भिंगाच्या मध्यापासून घेतले होते आणि माझी चूक फार तर अर्ध्या सेंटिमीटरची असेल. पाच सेंटिमीटरचा हा फरक एकच गोष्ट सांगत होता, ती म्हणजे भिंगे चिकटलेली नाहीत.

आणि ती नव्हतीच. काचेला ओरखडा पडू नये म्हणून मी दोन्ही भिंगांच्या कडांमध्ये नळाच्या दुकानातून आणलेला चार मिलिमीटर जाडीचा रबरी वॉशर घातला होता. इतकी लहान फट काय करणार, असे तेव्हा वाटले होते. फटीसकट शक्तीचे सूत्र असे आहे:

P = P1 + P2 − d·P1·P2

d म्हणजे मीटरमधले अंतर. दोन्ही भिंगे प्लस असतील तर शेवटचे पद शक्ती कमी करते, पण एक प्लस आणि एक मायनस असेल तर गुणाकार उणे होतो, उण्यातून उणे वजा होते आणि शक्ती वाढते. हे निव्वळ चिन्हांचे खेळ वाटू नयेत म्हणून मी एका किरणाचा माग काढला. अक्षापासून काही उंचीवर आलेला किरण प्लस पाचमधून वाकून सहा मिलिमीटर पुढे जाईपर्यंत तीन टक्के खाली उतरतो. भिंग किरणाला किती वाकवते हे किरण अक्षापासून किती दूर पडतो यावर अवलंबून असल्यामुळे मायनस चारचा जोर आता पूर्ण चार न राहता चारच्या ९७ टक्के, म्हणजे ३.८८ इतकाच लागतो. पाच उणे ३.८८ म्हणजे १.१२. जोडी उलटी केली तर मायनस चार किरणाला आधी २.४ टक्के वर ढकलतो, मग प्लस पाचचा जोर ५.१२ होतो, आणि ५.१२ उणे चार पुन्हा १.१२. शक्ती दोन्हीकडून सारखीच राहते. वेगळी असते ती मागच्या भिंगावर पोहोचलेल्या किरणाची उंची. एकदा ती ०.९७ आहे आणि एकदा १.०२४, म्हणून मागच्या भिंगापासून मोजलेले अंतर एकदा ८६.६ आणि एकदा ९१.४ सेंटिमीटर येते. माझी टेप काय म्हणत होती, ते वर लिहिलेच आहे. हे आकडे जुळले तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि मी घरातल्या कुणाला उठवून सांगावे की नाही, याचा गंभीरपणे विचार केला.

इथे प्रश्न निघेल की, वॉशर चार मिलिमीटरचा असताना मी सहा कुठून आणले. हाच प्रश्न मला दोन दिवस पुरला. दोन्ही बाजूंच्या अंतरांतला फरक गुणिले जोडीची शक्ती, भागिले नऊ (पाचातून उणे चार गेले की नऊ) असे केले की फटीचे माप निघते, आणि माझ्या मोजमापांवरून ते सहा मिलिमीटरच्या किंचित वर येत होते. उत्तर काचेच्या जाडीत सापडले. भिंगाचे ‘स्थान’ त्याच्या पृष्ठभागावर नसते. दोन्ही बाजूंनी सारख्या वक्रतेच्या साध्या काचेच्या भिंगात ते पृष्ठभागापासून जाडीच्या साधारण एक तृतीयांश आत असते. माझे बहिर्वक्र भिंग मध्यभागी पाच मिलिमीटर जाड आहे आणि अंतर्वक्र दोन मिलिमीटर, म्हणजे काचेच्या आतच १.७ अधिक ०.७, सुमारे २.३ मिलिमीटरची फट लपलेली आहे. कडेला चार मिलिमीटर असलेले अंतर मध्यभागी ३.७ भरते, कारण फुगवटा खोलग्यापेक्षा जरा जास्त वळलेला आहे. दोन्ही मिळून सहा.

म्हणजे वॉशर काढून काच काचेला टेकवली तरी शंभर सेंटिमीटर मिळणार नाहीत, हे मोजण्यापूर्वीच कळले होते. कागदावर अपेक्षा ९४.४ आणि ९६.४ अशी होती, प्रत्यक्षात ९४.५ आणि ९६.५ मिळाले. शंभरपेक्षा ते कमीच आहेत, पण अपेक्षेइतके कमी, आणि माझ्यासाठी ते पुरेसे आहे.

यावरून मागच्या महिन्यातल्या मोठ्या भिंगाच्या जोडीचाही उलगडा झाला. त्यात प्लस पाच आणि प्लस चार अशाच वॉशरसह बसवले होते आणि गणित तंतोतंत जुळल्याचा मी डांगोरा पिटला होता. फटीने तिथेही ०.१२ डायऑप्टरचाच घोटाळा केला होता, पण नवातून ०.१२ गेले तर नाभी दीड मिलिमीटर सरकते आणि टेपला ते दिसत नाही. प्लस-मायनस जोडीत दोन मोठे आकडे एकमेकांना खाऊन टाकतात आणि मागे एक उरतो, त्यामुळे तेवढेच ०.१२ आता बारा टक्के होतात.

वॉशर फेकून देणार होतो, पण हे लिहिता लिहिता वेगळेच सुचले. फट चार मिलिमीटरवरून शून्यावर आणली की याच जोडीचे नाभीय अंतर ८९ वरून साडेपंचाण्णवपर्यंत जाते. वॉशरऐवजी आट्याची पीव्हीसी चौकट केली तर फिरवून नाभीय अंतर बदलता येईल. बहिर्वक्र भिंग पुढे ठेवले की नळीही थोडी आखूड होते. ही चौकट मी या आठवड्यात अंबडच्या एका लेथवाल्याकडून करून घेणार आहे, पण आटे काचेच्या अक्षाशी सरळ आले नाहीत तर प्रतिमा एका बाजूला ओढली जाईल, अशी धास्ती आहे.

क्राउन-फ्लिंट जोडीबद्दलची माझी भीती मात्र बरीच कमी झाली. काच रंग किती कमी फाकवते हे सांगणारा आबे अंक बीके ७ या क्राउन काचेसाठी ६४.२ आणि एफ २ या फ्लिंट काचेसाठी ३६.४ धरला, तर एक डायऑप्टरच्या जोडीसाठी क्राउन प्लस २.३१ आणि फ्लिंट मायनस १.३१ लागते. प्रत्येकाची शक्ती आपापल्या आबे अंकाने भागली की दोन्हीकडे ०.०३६ येते, चिन्हे विरुद्ध असल्याने ते एकमेकांना संपवतात आणि लाल-निळे एकाच ठिकाणी येतात. या दोन शक्तींचा गुणाकार फक्त तीनच्या आसपास आहे, माझ्या आताच्या जोडीचा मात्र वीस. त्यामुळे काचेच्या जाडीतली तेवढीच २.३ मिलिमीटरची फट तिथे नाभीय अंतर एक सेंटिमीटरनेसुद्धा बदलणार नाही. फ्लिंटच्या पाकिटावर उणे चिन्ह छापून पाठवा, एवढे मात्र मी विक्रेत्याला मागणीबरोबरच कळवले आहे.