काळे कुठे गेले? सभासद यादीचा क्रम लावताना

वाशीत आमच्याकडे एका सभासद-सूचीचं काम आलं. नवी मुंबईतल्या निरनिराळ्या नोडमधली माणसं, प्रत्येकाचं आडनाव, नोड, सेक्टर आणि सोसायटी. फाइल सोबत 'अकारविल्हे लावलेली आहे' असा निरोप होता. पहिलं प्रूफ हातात आल्यावर वाचणाऱ्याने विचारलं, "काळे कुठे गेले?" काळे होते, पण कावळे, काशीकर, कासार यांच्या आधी. क्षीरसागर 'क'च्या शेपटाला, खऱ्यांच्या वर. आणि दोन ॲडव्होकेट अगदी शेवटी, 'ह'च्याही खाली.

तिन्हींचं कारण एकच. फाइल युनिकोडच्या क्रमांकांनुसार लावलेली होती. देवनागरीचा हा तक्ता बराचसा आपल्या वर्णमालेसारखाच आहे, म्हणून नव्वद टक्के यादी बरोबर वाटते आणि चूक उशिरा सापडते. पण त्यात 'ळ' हा 'ल'च्या लगेच पुढे, 'व'च्या आधी बसवला आहे. मराठीत तो 'ह'नंतर येतो. 'क्ष' हे एक अक्षर नसून क, हलन्त आणि ष असे तीन तुकडे आहेत, त्यामुळे ते 'क'च्या जोडाक्षरांत जातं, 'ज्ञ'चंही तसंच. हिंदी कोशांत 'क्ष' खरोखरच 'क'खाली असतो, तेव्हा संगणकाची भाषा हिंदी ठेवली तर हीच 'चूक' नियम म्हणून मिळेल. मराठी वाचक मात्र ळ, क्ष, ज्ञ शेवटी शोधतो.

'ॲ'ची गंमत वेगळी. हे अक्षर दोन तऱ्हांनी टाइप होतं: एक स्वतंत्र चिन्ह, किंवा 'अ' आणि त्यावर चंद्र. दिसायला सारखंच, पण स्वतंत्र चिन्हाचा क्रमांक 'ह'च्या, मात्रांच्या आणि देवनागरी अंकांच्याही पलीकडे आहे. म्हणून ते दोन वकील तळाला गेले. शोधातही 'अ + चंद्र' टाकलं तर ते सापडत नाहीत.

'ह' आणि 'ा' यांच्या मध्ये युनिकोडमध्ये चार जागा आहेत. त्यांतल्या तीन आमच्या नावांत कुठेच नव्हत्या, म्हणून त्या नुसत्या तुलनेपुरत्या उसन्या घेतल्या:

```python
def kram(s):
    s = s.replace('\u0972', 'अ\u0945')
    s = s.replace('क्ष', '\u093B')
    s = s.replace('ज्ञ', '\u093D')
    return s.replace('ळ', '\u093A')

names.sort(key=kram)
```

मूळ नावं बदलत नाहीत, फक्त तुलना बदलते. 'ॲ' आम्ही 'अ'च्या शेवटी, 'आ'च्या आधी घेतला; कोणी तो 'ए'जवळ मागेल, तेव्हा आधी विचारून घ्यावं. कांबळे काकडेंच्या आधी येतात, कारण अनुस्वाराचा क्रमांक व्यंजनांच्या आधीचा आहे. ते तसंच ठेवलं.

आता सेक्टर. ही यादी वाटप करणाऱ्या मुलासाठी होती, त्याला 9 नंतर 9अ आणि मग 10, 10अ असं हवं. एक्सेलने 9, 10, 19 हे आकडे वर घेतले आणि खाली मजकूर म्हणून 10अ, 19अ, 9अ असे लावले. मजकुरात 1 हा 9 च्या आधी, एवढंच त्याला दिसतं. शिवाय कोणी '१०' असं मराठी अंकात भरलं होतं, तर कोणी '10A'. आधी शोधा-बदला करून अंक एकाच लिपीत आणले आणि A चा अ केला. मग आकडा वेगळ्या रकान्यात काढला:

```
=IFERROR(VALUE(B2),VALUE(LEFT(B2,LEN(B2)-1)))
```

'अ' तिसऱ्या रकान्यात. इथे एक खोच आहे: ज्या सेक्टरला 'अ' नाही तिथे कप्पा मोकळा ठेवला तर एक्सेल मोकळे कप्पे नेहमी शेवटी टाकतं, म्हणजे 9अ आधी आणि 9 नंतर. मोकळ्या कप्प्यात 0 भरला की आकडा मजकुराच्या आधी येऊन काम होतं.

नोडचा क्रम तर ना अकारविल्हे, ना अंकांचा. ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, वाशी, नेरूळ, बेलापूर असा तो उत्तरेकडून दक्षिणेकडे जातो. वर्णक्रमाने लावलं तर कोपरखैरणे घणसोलीच्या आधी आणि वाशी बेलापूरच्या खाली जाते, वाटप करणारा दोनदा उलटा फिरतो. त्यासाठी प्रत्येक नोडला हातानेच 1 ते 6 आकडा दिला.

शेवटी दोन याद्या छापल्या. वाटपाची: नोड, सेक्टरचा आकडा, 'अ', मग आडनाव. नाव शोधायची: नुसतं आडनाव, kram लावून. प्रूफ तपासताना सगळी पानं चाळली नाहीत. काळे, क्षीरसागर, एक ॲडव्होकेट, 9अ आणि 10 एवढे पाच ठिकाणी बोट ठेवून पाहिले.