आकलनाचे चार गुण आणि शेवटचे चार आठवडे

बोर्डाच्या परीक्षेला चार आठवडे उरले होते आणि अपठित उताऱ्यात मला दहापैकी चार-पाचच्या वर गुण पडत नव्हते. व्याकरण चांगलं, निबंधही बरा. उतारा आला की घसरगुंडी. सगळे म्हणायचे, अवांतर वाच. मी वाचत होतोच. गुण तिथेच होते.

पहिल्या आठवड्यात ताईने एकही नवा उतारा सोडवू दिला नाही. जुने तपासलेले सहा उतारे काढायला लावले. 60 पैकी 27 गुण होते. गेलेल्या प्रत्येक गुणासमोर तो का गेला हे पेन्सिलीने लिहायचं, एवढंच काम. मला वाटत होतं, शब्द अडतात. हिशेब लागला तेव्हा अवघड शब्दांपायी 33 पैकी पाचच गुण गेले होते. वेळ संपून सुटलेले तीन. प्रश्न नीट न वाचल्यामुळे गेलेले अकरा, आणि उरलेले चौदा उताऱ्यात सरळ न लिहिलेलं ओळखायच्या प्रश्नांचे. मग घड्याळ बाजूला ठेवून दोन कोरे उतारे सोडवले. पाच आणि सहा. म्हणजे वेगाची अडचण नव्हती. तसं असतं तर वेळ मिळाल्यावर गुण चांगलेच वाढले असते.

अकरा गुणांवरचा उपाय सोपा, पण कंटाळवाणा होता. 'कोणते नाही', 'दोन कारणे', 'लेखकाच्या मते' यांखाली आधी रेघ मारायची आणि मगच उताऱ्याकडे वळायचं. मी दोन कारणांऐवजी एकच कारण लांबलचक लिहायचो, लेखकाचं मत विचारलं की स्वतःचं ठोकून द्यायचो. दुसरा आठवडा यातच गेला. रोज एक उतारा, आणि प्रत्येक उत्तरापुढे ते ज्या ओळीत सापडलं तिचा क्रमांक. क्रमांक लिहिता आला नाही की समजायचं, उत्तर डोक्यातून आलंय, उताऱ्यातून नाही.

चौदा गुणांनी खरा घाम काढला. एक उतारा अजून आठवतो. विहिरीला पाणी लागतं, सगळे नाचायला लागतात. आबा मात्र काठावरून वाकून बघतात आणि एवढंच म्हणतात, 'दोर जरा लांबच आणा.' प्रश्न होता, आबांना कशाची शंका होती? मी लिहिलं होतं, 'आबा दुःखी होते, कारण त्यांना नाचता येत नव्हतं.' शून्य. ताईने विचारलं, "नाचता येत नव्हतं हे कुठल्या ओळीत आहे? बोट ठेव." बोट ठेवायला जागाच नव्हती. मग म्हणाली, "लांब दोर कधी लागतो?" पाणी खोल गेल्यावर. म्हणजे लागलेलं पाणी टिकेल याची आबांना खात्री नव्हती.

तिसऱ्या आठवड्यात अशा उत्तराला मी तीन तुकडे ठरवले: उताऱ्यातला पुरावा, त्याचा अर्थ, म्हणून उत्तर. 'आबा लांब दोर आणायला सांगतात. पाणी खाली गेलं तरच तो लागेल. म्हणून पाणी आटण्याची त्यांना शंका आहे.' मधला तुकडा मी आधी गाळायचो किंवा मनाने रचायचो. रोज असे तीनच प्रश्न करायचो. जास्त केले की पुन्हा अंदाजपंचे सुरू व्हायचं. 'मात्र', 'तरीही', 'उलट' हे शब्द गोल करायला लागलो, कारण उताऱ्याचं वळण बहुतेकदा तिथेच असतं. आबांबद्दलच्या वाक्यातही 'मात्र' होतंच की!

शेवटच्या आठवड्यात घड्याळ परत आलं. उताऱ्याला वीस मिनिटं: पाच वाचनाला, बारा लिहायला, तीन ओळींचे क्रमांक पडताळायला. चार सराव उताऱ्यांत सहा, सात, पाच, सात. पाच पडले तो उतारा एका यंत्राच्या माहितीचा होता. त्यात सगळं सरळ लिहिलेलं होतं आणि मी उगाच आत दडलेलं काहीतरी शोधत बसलो. नव्या सवयीचाही असा त्रास होतो. त्यानंतर प्रश्नात 'का', 'यावरून काय समजते' असं काही असेल तरच तीन तुकडे, नाहीतर ओळ सापडली की तेच उत्तर.

मतप्रश्नाचं माझं कोडं मात्र सुटलं नाही. उताऱ्याशी धागा ठेवून स्वतःचं मत लिहायला चार आठवडे पुरले नाहीत, तिथे मी दोन-तीन साधी वाक्यं लिहून पुढे जायचो.

परीक्षेत पहिलाच प्रश्न होता, 'पुढीलपैकी कोणते विधान चूक आहे?' मी 'चूक'खाली रेघ मारली. बरोबर वाटणारं पहिलंच विधान लिहायला पेन टेकलं होतं, ते उचललं.