अंगठ्याची मशीन आली तेव्हाची नोटीस (डाळ मिलमधला माझा अनुभव)

मी जळगावच्या एमआयडीसीत एका डाळ मिलमध्ये अकाउंट आणि हजेरी बघते. माणसं 64, त्यात 23 बायका निवडीवर, 14 जणांची हमाल टोळी, बाकी मशीनवर, तेलवणीवर, गोडाऊनला आणि रात्रपाळीला. हजेरी इतकी वर्षं रजिस्टरवरच होती, गेटवर वॉचमन नाव लिहायचा आणि महिनाअखेर मी ती वही घेऊन बसायची, दोन दोन दिवस डोळे फोडायची. यंदा शेठनी अंगठ्याची मशीन घेतली. मशीनचं काही नाही, ती भिंतीला लागली अर्ध्या तासात. कुटाणा झाला नोटिशीचा.

पहिली नोटीस मी 8 फेब्रुवारीला लावली. जशी सगळीकडे असते तशीच, "सर्व कामगारांना कळविण्यात येते की दि. 1 मार्चपासून बायोमेट्रिक उपस्थिती प्रणाली लागू करण्यात येत आहे, तरी सर्वांनी सहकार्य करावे." सही, शिक्का, संपलं. मला वाटलं काम झालं.

दुपारच्या सुट्टीत निवडीच्या एक मावशी केबिनच्या दारात येऊन उभ्या राहिल्या, धुळ्याकडच्या आहेत, अहिराणीच बोलतात. "ताई, आंगठा दिधा ते बँकमधला पैसा कटतीन का?" मी हसणार होते पण थांबले, कारण त्यांचं बरोबरच होतं. त्यांच्या गावात रेशन अंगठ्यावर मिळतं, बँकवाला पोरगा घरी येतो तोही अंगठा घेऊनच पैसे काढून देतो, म्हणजे त्यांच्या हिशोबात अंगठा दिला की काहीतरी निघतं. मग एकेक करून कळायला लागलं की कोणी काय समजलंय. हमालांना वाटलं आता कट्ट्यामागे पैसे बंद, रोजावर घेणार, आप्पा मुकादम तर सरळ म्हणाले, "आमचे कट्टे बी मशीनच मोजीन का आता?" भुसावळहून पॅसेंजरने येणाऱ्यांना वाटलं पाच मिनिटं लेट झाला की अर्धा रोज गेला. कोणीतरी उचल बंद होणार असंही उठवलं, त्याचा तर मशीनशी काही संबंधच नाही.

माझ्या नोटिशीत एकच गोष्ट होती, मशीन येतेय. पण माणसं विचारत होती ते सगळं मशीन सोडून होतं, रोज, कट्टे, उचल, गाडीचा लेट. जे बदलणार नव्हतं त्याचीच सगळ्यांना भीती, आणि त्यावर मी एक अक्षर लिहिलं नव्हतं.

मग मी कागद घेतला आणि आधी "काय तसंच राहणार" एवढंच लिहायला बसले. सोपं वाटलं होतं, पण इथेच जास्त वेळ गेला, कारण तसंच राहणार असं लिहिलं की ते खरंच तसं राहिलं पाहिजे ना. उदाहरण सांगते. आमच्याकडे दहा मिनिटांपर्यंत उशीर चालतो, हे कुठेच लिहिलेलं नाही, पण सगळ्यांना माहितीये. मी लिहून टाकलं की दहा मिनिटांची सूट तशीच. नंतर मनात आलं म्हणून मशीनवाल्या पोराला फोन करून विचारलं, तर सॉफ्टवेअरमध्ये मुळात पाच मिनिटांचं सेटिंग होतं आणि त्यानंतर आपोआप अर्धा दिवस लागत होता! म्हणजे मी भिंतीवर एक लिहिणार आणि मशीन दुसरंच कापणार. शेठकडे गेले. शेठ म्हणाले, "सूट राहू दे, पण लिहू नको, लिहिलं की सगळे दहा मिनिटं लेट येतील." मी म्हटलं शेठ, लिहिलं नाही तर लोक समजतील की गेली, मग सूट ठेवून काय उपयोग. थोडे घुमले, मग हो म्हणाले. त्या पोराकडून सेटिंग दहा करून घेतलं, स्वतः आठ वाजून नऊ मिनिटांनी अंगठा देऊन बघितला, पूर्ण दिवस लागला, तेव्हा ती ओळ कायम केली.

तारखेचं पण तसंच. 1 मार्च मी का लिहिलं होतं तर महिन्याची पहिली तारीख छान दिसते म्हणून, दुसरं कारण नाही. पण आमचा हजेरीचा महिना 26 ते 25 असतो आणि पगार 1 तारखेला होतो. 1 मार्चला बदल केला असता तर एकाच पगारात तीन दिवस रजिस्टर आणि बाकीचे मशीन, हिशोबाची नुसती खिचडी. म्हणून 26 फेब्रुवारी धरलं. त्यावर रात्रपाळीचा एक दादा म्हणाला, "मॅडम, मी 25 ला रात्री दहाला येणार आणि 26 ला सकाळी सहाला जाणार, मग मी कशात?" हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तो आला रजिस्टरवर आणि गेला मशीनवर असं झालं असतं तर मशीनमध्ये जाण्याची वेळ आहे, येण्याची नाही, म्हणजे हजेरी शून्य, आणि रजिस्टरला पण अर्धवट. तारीख लिहिताना वाजले किती, आणि कोणत्या पाळीपासून, हे लिहावंच लागतं.

शेवटी 12 तारखेला जी नोटीस लावली ती अशी होती:

> हजेरीबद्दल
>
> काय तसंच राहणार: रोज, पगाराची तारीख (1), उचल, सुट्ट्या, पाळ्यांच्या वेळा. उशिराची दहा मिनिटांची सूट तशीच. हमाल टोळीचा हिशोब कट्ट्यावर आणि मुकादमांच्या वहीतच, त्यांना मशीन नाही.
>
> काय बदलणार: येताना आणि जाताना गेटवरच्या मशीनवर अंगठा द्यायचा. वॉचमन वहीत नाव लिहिणार नाही. हा अंगठा आधारला किंवा बँकेला जोडलेला नाही, फक्त हजेरीसाठी आहे.
>
> कधीपासून: 16 ते 25 फेब्रुवारी सराव, मशीन आणि वही दोन्ही, पगार वहीवरच. 26 फेब्रुवारीला सकाळी 6 नंतर सुरू होणाऱ्या पाळीपासून फक्त मशीन. 25 ला रात्री 10 ची पाळी पूर्ण वहीतच, सकाळी जातानाची वेळ पण वहीत.
>
> अंगठा लागला नाही किंवा शंका असेल तर ऑफिसमध्ये मला विचारा.

आधार-बँकेची ओळ पण मी मशीनवाल्याकडून खात्री केल्याशिवाय टाकली नाही. आणि भिंतीवर लावायच्या आदल्या दिवशी आप्पा मुकादम, निवडीच्या सुपरवायझर ताई आणि रात्रीचा वॉचमन या तिघांना बसवून वाचून दाखवली, कारण लोक मला विचारायच्या आधी त्यांनाच विचारतात, आणि त्यांनाच माहिती नसलं की मग ते मनाचं सांगतात. आप्पांनी "त्यांना मशीन नाही" ही ओळ दोनदा वाचायला लावली, मग म्हणाले, आता ठीके. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला आणि रात्री दहाला गेटवर मोठ्याने वाचली, टोळीत दोघं बिहारचे आहेत त्यांना हिंदीत सांगितलं. निम्म्या माणसांनी कागद वाचलाच नसता, हे आपलं आपल्याला माहीत असतं.

सरावाचे दहा दिवस ठेवले म्हणून वाचलो. मशीनवाल्या 50 जणांत 7 जणांचा अंगठा लागेचना. त्यातले चार तेलवणीवरचे, तुरीला तेल लावून लावून हाताला तेल कायम, आणि तिघी निवडीच्या जुन्या बायका, वर्षानुवर्षं डाळीत हात घालून बोटांच्या रेषाच पुसट झाल्यात. तेलवणीवाल्यांसाठी मशीनजवळ साबण आणि फडकं ठेवलं, दुसरं बोटही नोंदवलं, त्यांचं जमलं. तिघींपैकी एकीचं मधल्या बोटावर जमलं, दोघींचं काही केल्या नाही. मग ठरलं की या दोघींना कार्ड द्यायचं. आता ही गोष्ट नोटिशीत नव्हती. मोह झाला होता की आहे त्याच कागदावर पेनने एक ओळ घालावी, पण मग ज्याने आधी वाचलंय तो परत कशाला बघेल. म्हणून 21 तारखेला वेगळी छोटी नोटीस लावली, "12 तारखेच्या नोटिशीत एकच भर: ज्यांचा अंगठा लागत नाही त्यांना कार्ड. बाकी सगळं तसंच." ही "बाकी सगळं तसंच" ओळ मला आता फार आवडायला लागलीये.

26 ला सकाळी सुरळीत झालं. रात्रपाळीचा तो दादा सहाला वहीत वेळ लिहून गेला आणि जाताना मला मुद्दाम दाखवून गेला.

चूक झाली ती दुसरीकडेच. निवडीच्या एक ताई 9 तारखेपासून भाचीच्या लग्नाला गेल्या होत्या, लग्न, मग आजारपण, 27 ला परत आल्या. त्यांच्याकडे मोबाईलमध्ये फोटो होता माझ्या पहिल्या नोटिशीचा, 1 मार्चवाला! ती नोटीस मी भिंतीवरून फाडून टाकली होती, पण व्हॉट्सॲपवरून कशी फाडणार. त्यांनी 27 आणि 28 दोन दिवस अंगठा दिलाच नाही, त्यांच्या हिशोबाने अजून वही चालू. मी रोज मशीनचा रिपोर्ट बघत होते, पण त्या माझ्या रजेच्या यादीत होत्या म्हणून नाव नाही तर नाही असंच वाटलं. 1 तारखेला त्या अंगठा नोंदवायला आल्या तेव्हा कळलं. निवडीच्या सुपरवायझरकडे कोणी किती कट्टे निवडले त्याची रोजची वही असते, त्यात त्यांचे दोन्ही दिवस सापडले, त्यावरून हजेरी हाताने भरली आणि शेठची सही घेतली.

मी नव्या नोटिशीत "8 तारखेची नोटीस रद्द, तीत 1 मार्च लिहिलं होतं ते चूक" असं स्पष्ट लिहायला हवं होतं, आणि रजेवर असलेल्यांची यादी काढून फोन करायला हवे होते, चारच तर माणसं होती. त्याच दिवशी तशी ओळ लिहून लावली, त्याच व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटोही टाकला, आणि रजेवरून येणाऱ्याला आधी ऑफिसमध्ये पाठवायचं असं वॉचमनला सांगून ठेवलं.

1 एप्रिलला मशीनवरचा पहिला पगार झाला. त्या धुळ्याकडच्या मावशींनी स्लिप घेतली, बँकेचा मेसेज नातवाकडून वाचून घेतला, दोन्ही आकडे जुळवले, आणि मग पाच मिनिटांनी परत येऊन विचारलं की ताई, उचलचं ते तसंच ना.