आमची वाटचाल: पाटीवरचा ‘द्ध’ आणि तीन मिलिमीटर

बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या दुकानात बाबा १९९४ पासून पाट्या रंगवायचे. पत्र्यावर पांढऱ्या ऑइल पेंटचे दोन हात, खडूची दोरी मारून रेघा, आणि मग मोकळ्या हाताने अक्षरं. मी २००९ मध्ये दोन फुटी कटर घेतला आणि विनाइलची अक्षरं कापायला लागलो. १ नोव्हेंबर २०१४ ला बेळगावचं सरकारी नाव बेळगावी झालं, तेव्हा पत्त्याच्या ओळी बदलून घ्यायला दुकानदार आले आणि त्या कामावर आम्ही दुसरा, चार फुटी कटर घेतला. हा सगळा हिशेब दोन ओळींत संपतो. मला सांगायचंय ते २०२४ नंतर आम्ही जे शिकलो त्याबद्दल.

त्या वर्षी कर्नाटकात कायद्यात दुरुस्ती झाली. पाटीवर ६० टक्के कन्नड, आणि तेही वरच्या भागात. खडे बाजार, गणपत गल्ली, खाली निपाणी, चिकोडीपर्यंत पाट्या नव्याने करून घ्यायची घाई सुरू झाली. आमच्यासारख्याला काम मिळालं हे खरंच. पण अक्षराच्या दृष्टीने त्याचा अर्थ काय झाला तो बघा. दहा फूट बाय तीन फुटाची ग्लो साइन, म्हणजे आतून दिवे लागणारी पाटी घेतली तर उंची ३६ इंच. त्यातले साडेएकवीस इंच कन्नडला गेले. उरलेल्या साडेचौदा इंचांत मराठी, इंग्रजी, पत्ता, फोन आणि कडेची मोकळी जागा. आधी ज्या मराठी ओळीला सात इंच मिळायचे तिला आता चार मिळतात. अक्षर लहान झालं की त्याचे जोडही त्याच प्रमाणात बारीक होतात, आणि ब्लेड काही त्यांच्यासाठी थांबत नाही.

त्या गर्दीतली एक पाटी मला कायमची लक्षात राहिली. मिठाईचं दुकान होतं. मालकांना खाली मराठीत ‘शुद्ध तुपातील कुंदा’ ही ओळ हवी होती, आणि जुन्या पाटीवर जो बोरूच्या वळणाचा फॉन्ट होता तोच पाहिजे होता. गिऱ्हाइकांच्या नजरेत तो बसलाय, असं त्यांचं म्हणणं, आणि ते बरोबरच होतं. मी जुनी फाइल उघडली, ओळ सात इंचांवरून चार इंचांवर आणली, लाल ट्रान्सलुसंट विनाइलवर कापली आणि मिल्की ऍक्रिलिकवर लावून दिली. मे महिना होता. पाटी सुंदर दिसली.

जुलैत मालकांचा फोन आला. “काय करूलास रे? माझा शुद्ध सुटूलाय.” जाऊन बघितलं तर ‘द्ध’ मध्ये जिथे द ची कंबर ध च्या गाठीला मिळते तो जोड उचलला गेला होता. त्याच्या दोन्ही कडांना धुळीची काळी रेघ बसली होती. ती रेघ ही पहिली खूण असते. कड उठली की गोंदाला धूळ चिकटते. काळी कड दिसली म्हणजे तिथलं विनाइल आता ऍक्रिलिकवर नाही, हे समजायचं.

मी शिडीवर चढून त्या जोडावर त्याच लाल विनाइलचा नखाएवढा तुकडा लावला. दिवसा काही कळत नव्हतं. संध्याकाळी आतले एलईडी लागले आणि तो तुकडा गडद, जवळजवळ काळा डाग होऊन उभा राहिला. ट्रान्सलुसंट विनाइलचे दोन थर एकावर एक आले की उजेड दोनदा अडतो. पत्र्याच्या पाटीवर चालणारी ठिगळं ग्लो साइनवर चालत नाहीत. त्यामुळे जोड कापण्याआधी फाइलमध्येच पक्का करावा लागतो. नंतरची दुरुस्ती म्हणजे अख्खा शब्द काढून पुन्हा लावणं. मी तो शब्द माझ्या खर्चाने पुन्हा केला, आणि त्या निमित्ताने फाइल नीट मोजली.

सात इंचांवर तो जोड साडेतीन मिलिमीटरचा होता. चार इंचांवर तो दोनचा झाला. दोन मिलिमीटरची पट्टी कापली जाते, फालतू विनाइल सोलताना सांभाळून वाचतेही, म्हणून लावणाऱ्याला काही कळत नाही. पण स्वस्तातलं विनाइल उन्हात आकसतं आणि ते आकसणं कापलेल्या कडेपासून सुरू होतं. रुंद दांड्याला मधला गोंद धरून ठेवतो. दोन मिलिमीटरच्या पट्टीत मध्य असा उरतच नाही, दोन्ही कडा एकमेकींच्या अगदी जवळ. त्यातच तिच्या दोन टोकांना दोन जड आकार ओढत असतात. वर आमचा पाऊस. दिवसभर ओलं, रात्री आतून ऊब. जोड तिथेच हार मानतो.

रात्रीची आणखी एक गोष्ट आहे. पांढऱ्या उजेडावर लाल अक्षर असलं की दुरून बघताना उजेड अक्षराच्या कडा खातो. जो जोड दिवसा बारीक दिसतो तो रात्री रस्त्याच्या पलीकडून दिसतच नाही. म्हणजे टिकला तरी त्याचा उपयोग नव्हता.

बाबांना हे सगळं दाखवलं तेव्हा ते म्हणाले, “ब्रशने मी तो जोड काढलाच नसता. एकतर ब्रश दाबून जाड घेतला असता, नाहीतर उचलून पुढे ठेवला असता.” आमची आजची पद्धत त्या एका वाक्यावर उभी आहे. जोड बारीक असेल तर तो जाड करायचा किंवा सरळ तोडायचा. अर्धवट ठेवायचा नाही.

आता फाइल कशी तयार करतो ते सांगतो. मजकूर तपासून झाला की कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये `Ctrl+Q` ने अक्षरांचे कर्व्ह करायचे आणि ओळ खऱ्या मापाला आणायची. मग प्रत्येक शब्दातले आकार `Weld` ने एकजीव करायचे. देवनागरीत हे चुकवून चालत नाही, कारण आपली अक्षरं शिरोरेषेवर एकमेकांत घुसलेली असतात आणि मात्रा वेगळ्या बसवलेल्या असतात. पडद्यावर भरलेला रंग दिसतो म्हणून शब्द सलग वाटतो. कटर मात्र प्रत्येक आकाराची कड कापतो आणि शिरोरेषेचे तुकडे पाडतो. चार महिन्यांनी विनाइल आकसलं की त्या चिरांतून रात्री पांढऱ्या रेघा चमकतात. म्हणून वेल्ड झाल्यावर `Wireframe` मध्ये शब्द बघायचा. आकाराच्या अंगाला छेदून जाणारी एकही रेघ दिसता कामा नये.

त्यानंतर आम्ही तीन मिलिमीटर व्यासाचं एक गोल काढतो, त्यात हिरवा रंग भरतो आणि ते माऊसने धरून अक्षराच्या अंगावरून फिरवतो. जिथे गोल बाहेर डोकावतं तो जोड कच्चा. ठरलेल्या जागा आता पाठ झाल्यात: र ची कंबर, श आणि ध ची गाठ, रफार जिथे शिरोरेषेला टेकतो ती टाच, मात्रेचं मूळ. अनुस्वाराला तर जोडच नाही, तो एकटा ठिपका. तो गोलापेक्षा चांगलाच मोठा हवा, कुंद्याचा अनुस्वार आम्ही बारा मिलिमीटरचा घेतला. अणकुचीदार टोकंही आम्ही मिलिमीटरभर गोल करतो, कारण टोक आधी उचलतं.

पहिला सोपा उपाय म्हणजे `Contour` ने अख्खं अक्षर बाहेरून अर्धा मिलिमीटर फुगवणं. दोन्ही बाजूंनी अर्धा म्हणजे जोड दोनचा तीन होतो. ‘शुद्ध’ वर मी आधी तेच केलं. पण जेवढं अक्षर फुगतं तेवढी आतली पोकळी मिटते. ध च्या गाठीतली पोकळी तीन मिलिमीटरची होती ती दोनची राहिली, आणि रात्री ती बुजून लाल गोळा दिसला असता. म्हणून तेच हिरवं गोल पोकळीतूनही फिरवायचं. तिथेही ते मावलं पाहिजे.

मग मी दुसरा मार्ग घेतला. ‘द्ध’ हे जोडाक्षरच सोडवलं. द चा पाय मोडला आणि शेजारी पूर्ण ध ठेवला, म्हणजे ‘शुद्‌ध’. वाचायला कोणालाही अडत नाही. शब्द थोडा लांबला, पण दहा फुटांत जागा होती. कंबर आणि गाठ यांना आता उभी मोकळी जागा मिळाली आणि ध चे नोड हाताने ओढून त्याचा जोड साडेतीनचा करता आला, पोकळी न मिटवता.

इथे एक धोका आहे आणि तो मी छापून आलेला बघितलाय. ध च्या माथ्यावर शिरोरेषा तुटलेली असते. भ चं तेच. अक्षर फुगवताना किंवा वेल्ड करताना शेजारच्या अक्षराची रेघ त्या फटीत घुसली की ध चा घ होतो, भ चा म होतो. भाजीचं दुकान माजीचं होऊन बसतं. ती फट आम्ही सहा मिलिमीटर ठेवतो, गोलाच्या दुप्पट, कारण रात्री दोन्ही बाजूंचं लाल जवळ आल्यासारखं वाटतं.

ज्या जोडाला सोडवता येत नाही तिथे तोडतो. म्हणजे तीन मिलिमीटरची स्वच्छ फट, दोन्ही टोकं गोल. रफाराची टाच आम्ही बहुतेक वेळा अशीच सोडतो. पंधरा फुटांवरून डोळा ती फट आपोआप भरून घेतो, आणि दोन्ही तुकडे आपापल्या रुंदीवर घट्ट बसतात.

कन्नडच्या बाबतीत मात्र आम्ही हा अधिकार स्वतःकडे ठेवलेला नाही. त्या लिपीत प आणि व यांच्यात मुख्य फरक माथा उघडा की बंद एवढाच. मराठी डोळ्याला ती फट कच्चा जोड वाटते आणि हात ती भरायला जातो. आमच्या कामगाराने एकदा भरलीही होती. ते कापायच्या आधी शेजारच्या दुकानातल्या काकांनी बघितलं म्हणून निभावलं. तेव्हापासून कन्नड ओळीचा कागदी प्रिंट खऱ्या मापाचा काढतो आणि रोज कन्नड वाचणाऱ्या माणसाला दाखवतो. त्यांनी बोट ठेवलेल्या फटी फाइलमध्ये निळ्या करून ठेवतो, मग त्यांना कोणी हात लावत नाही.

कुंद्याच्या पाटीवरचा नवा शब्द आम्ही ऑगस्टमध्ये पाऊस उघडलेला एक दिवस बघून बसवला. देवनागरी शब्द वेल्ड झाल्यावर मोठ्या सलग तुकड्यांत असतो, एक कोपरा तिरपा गेला की सगळा तुकडा जातो, म्हणून ऍक्रिलिकवर साबणाच्या पाण्याचा फवारा मारून, मधून दोन्हीकडे स्क्वीजी ओढत. बाबा खाली उभे होते. दिवे लागल्यावर ते रस्ता ओलांडून पलीकडे गेले, तिथून ध कडे बोट केलं आणि मोठ्याने वाचून दाखवलं.