चार जण, तीन प्रश्न आणि गुरुवारची संध्याकाळ

शुक्रवार, रात्री साडेदहा

सोमवारी सेल्फ अप्रेझलचा फॉर्म भरून द्यायचाय आणि या वर्षी पहिल्यांदाच लिहायला खरंच काहीतरी हातात आहे. गेल्या वर्षी मी काय केलं होतं तर डिपार्टमेंटमधल्या आठ-नऊ जणांना एकच मेसेज टाकला होता, "माझ्याबद्दल काही फीडबॅक असेल तर प्लीज सांगा", आणि उत्तरं आली ती सगळी "मस्त काम करतेस", "कीप इट अप", दोघांनी तर नुसता अंगठा. तेव्हा वाईट वाटलं होतं, पण आता वाटतं त्यांची चूक नव्हतीच. एवढा मोकळा प्रश्न विचारल्यावर समोरच्याने आधी काय आठवायचं ते शोधायचं, मग ते बोलावं की नाही हे ठरवायचं, आणि एवढा वेळ अंबडच्या कारखान्यात मार्च महिन्यात कुणाकडे असतो?

म्हणून यंदा चारच जण निवडले. ज्यांच्याशी गेल्या सहा महिन्यांत माझा रोजचा संबंध आला तेच. प्रॉडक्शनचे सुपरवायझर, स्टोअरच्या मॅडम, डिस्पॅचचे काका आणि माझ्याच क्वालिटीमधला दुसऱ्या शिफ्टचा मुलगा. प्रत्येकाला वेगळा मेसेज केला, ग्रुपवर नाही, कारण ग्रुपवर सगळ्यांसमोर कोण खरं बोलणार. सोमवारी सकाळी हे पाठवलं:

"काका, पुढच्या आठवड्यात माझा रिव्ह्यू आहे. तीन गोष्टी विचारायच्या होत्या. १) माझं कुठलं काम तुम्हाला उपयोगी पडतं, जे मी चालूच ठेवावं? २) गेल्या तीन महिन्यांत माझ्यामुळे तुमचं काम कधी अडलं का? एखादा प्रसंग सांगा. ३) मी एकच गोष्ट बदलायची असेल तर कुठली? दोन-दोन ओळी पुरे, गुरुवार संध्याकाळपर्यंत. लिहायचा कंटाळा असेल तर चहाला बोलू. नाही जमलं तरी काही हरकत नाही."

गुरुवार मुद्दाम. चार दिवस मिळाले की माणूस सवडीने लिहितो, आणि मला शनिवार-रविवार विचार करायला राहतात. बुधवारी फक्त दोघांना एका ओळीची आठवण केली, त्यापेक्षा जास्त मागे लागले नाही.

सगळा जीव दुसऱ्या प्रश्नात होता. काकांनी लिहिलं की फेब्रुवारीत एका लॉटवर मी होल्डचा टॅग लावून घरी गेले, टॅगवर कारण नव्हतं, कुणाला विचारायचं ते नव्हतं, आणि गाडी गेटवर दोन तास उभी. मला तो दिवस चांगला आठवतो, बोअरचा व्यास दोन पीसमध्ये जास्त आला होता आणि वेळेत लॉट थांबवला म्हणून मी स्वतःवर खूश होते! माझ्या डोक्यात ती माझी जमेची बाजू होती. मग दुसऱ्या शिफ्टच्या मुलाचं उत्तर आलं, त्याने काकांचं वाचलेलंही नाही, तरी तेच, "ताई, तुमचे होल्ड बरोबर असतात पण का ते कळत नाही, मग मला सगळं परत मोजावं लागतं." एकट्याने सांगितलं असतं तर मी कदाचित म्हटलं असतं की त्या दिवशी घाई होती. दोन वेगळ्या खात्यांतून तेच आलं म्हणजे ती माझी सवय आहे.

सुपरवायझरांनी "सगळं ओके" एवढंच पाठवलं. त्यांना लिहून द्यायला नको वाटलं असणार, माझ्या साहेबांपर्यंत जाईल म्हणून. काल टपरीवर चहा घेताना मी तिसराच प्रश्न परत विचारला, म्हटलं तुमचं नाव कुठे येणार नाही, आणि गप्प बसले. थोड्या वेळाने म्हणाले, सकाळच्या मीटिंगमध्ये आमचं रिजेक्शन सगळ्यांसमोर काढण्याआधी पाच मिनिटं आधी मला सांगत जा. लागलं मनाला. तोंडापर्यंत आलं होतं की आकडे तर खरेच असतात ना, पण गिळलं, कारण तिथे वाद घातला असता तर पुढच्या वेळी ते परत "सगळं ओके"च म्हणाले असते. फक्त विचारलं की फोन केलेला चालेल की लाइनवर येऊ. लाइनवर या, म्हणाले.

स्टोअरच्या मॅडमचं उत्तर आलंच नाही, त्यांचं स्टॉक टेकिंग चालू आहे. राहू दे.

फॉर्ममध्ये "सुधारणेची गरज" या रकान्यात दर वर्षी मी टाइम मॅनेजमेंट लिहायचे, कारण ते कुणाला खटकत नाही. या वेळी लिहिलंय: होल्ड टॅगवर दोष, मोजलेलं माप आणि माझा मोबाइल नंबर नसतो, त्यामुळे डिस्पॅच आणि पुढची शिफ्ट अडते, एप्रिलपासून हे तिन्ही लिहिल्याशिवाय टॅग लावणार नाही. नाव कुणाचंच घातलं नाही. टॅगचा नवा नमुना मात्र आज दुपारी काकांना दाखवला, त्यांनी चष्मा वर करून बघितला आणि म्हणाले अक्षर मोठं कर, रात्री गेटच्या लाइटमध्ये दिसत नाही.

उद्या मोठ्या अक्षरात प्रिंट काढायचीय.