महागाई उतरवायची किंमत

«सर, महागाई खाली आणायची तर लोकांच्या नोकऱ्या जायलाच हव्यात का?»

लोक पुढच्या वर्षीच्या भावांचा अंदाज कशावरून बांधतात, त्यावर ते ठरतं. इथे इंदूरला लोकमान्यनगरात माझ्या घराचा भाडेकरार दर अकरा महिन्यांनी नवा होतो. घरमालकीण काकू दर वेळी तेच म्हणतात, "गेल्या वर्षी सगळंच किती वाढलं, बघताय ना!" आणि त्या हिशेबाने भाडं वाढवतात. मागचं बघून पुढचं ठरवायचं, याला अर्थशास्त्रात अ‍ॅडॅप्टिव्ह अपेक्षा म्हणतात.

आता सगळा देश काकूंसारखा वागतो असं धरा. महागाई १० टक्के आहे, ती ४ वर आणायची आहे. उदाहरणापुरतं मानू, की बेरोजगारी नेहमीच्या पातळीपेक्षा १ टक्क्याने जास्त राहिली, तर वर्षभरात महागाई लोकांच्या अंदाजापेक्षा अर्ध्या टक्क्याने कमी निघते. मध्यवर्ती बँकेने व्याजदर चढवले आणि त्यामुळे बेरोजगारी ४ टक्क्यांनी वाढली, तर पहिल्या वर्षी महागाई ८ होईल. मग लोक ८ धरून चालतील, दुसऱ्या वर्षी ६ आणि तिसऱ्या वर्षी ४. म्हणजे तीन वर्षं लाखो घरांत पगार बंद.

रॅशनल अपेक्षांचा सिद्धान्त म्हणतो, की लोक मध्यवर्ती बँक पुढे काय करणार हेही हिशेबात धरतात. बँकेने ४ टक्के जाहीर केले आणि लोकांना ते पटलं, तर करार लगेच ४ धरून होतील आणि कागदावर तरी एकही नोकरी जाणार नाही. पण आधी झालेले पगाराचे करार मध्येच बदलत नाहीत, आणि 'पटलं' या अटीवरच सगळं अडतं. १९७९ साली पॉल व्होल्कर अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हचे प्रमुख झाले, तेव्हा लोकांनी दशकभर व्याजदर वाढवून पुन्हा सैल सोडलेले पाहिले होते. विश्वास कोण ठेवणार? महागाई १९८० मधल्या १४ टक्क्यांवरून १९८२ अखेर ४ च्या खाली आली, पण बेरोजगारी १०.८ टक्क्यांवर गेली.

जून २०२२ मध्ये तिथे महागाई पुन्हा ९.१ टक्क्यांवर गेली आणि वर्षभरात ३ वर आली. बेरोजगारी मात्र ४ च्या खालीच राहिली. अडकलेला मालपुरवठा सुटला हे एक कारण होतंच. पण लोकांचा दूरचा अंदाज फारसा न हलता टिकून होता, म्हणजे अपेक्षा नांगरलेल्या होत्या, हे कारण मला जास्त मोलाचं वाटतं. धक्का ओसरला, आणि भाववाढ पगारांत मुरली नाही.

आपल्याकडे २०१६ पासून लक्ष्य ४ टक्क्यांचं आहे. तरी रिझर्व्ह बँकेच्या सर्वेक्षणात घरोघरीचा अंदाज प्रत्यक्ष महागाईपेक्षा बराच वर असतो, आणि भाजी, इंधन महागलं की तोही हलतो. टोमॅटो महागल्यावर पुढच्या तीन महिन्यांचा अंदाज वाढला तर मी घाबरत नाही. त्याच टोमॅटोमुळे वर्षाचे पगार आणि भाडी ठरायला लागली, की महागाई उतरवायला नोकऱ्यांत मोजावी लागणारी किंमत वाढली म्हणून समजा.