पाच तासांची सभा, बत्तीस टक्के आणि पंचवीस टक्के : लांबलचक शब्दांकनाचा एक सारांश करताना

कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीच्या पुनर्विकासाची विशेष सर्वसाधारण सभा जवळपास पाच तास चालली. रेकॉर्डिंग होतं आणि सॉफ्टवेअरनं काढलेलं त्याचं शब्दांकनही होतं, तीस हजार शब्दांच्या आसपास. सल्लागाराच्या ऑफिसनं त्याचा सारांश करून पाठवला. तो वाचून मला आलेला राग अजून पुरता गेलेला नाही.

त्यांनी शब्दांकनाचे सारख्या लांबीचे तुकडे पाडले, ते वेगवेगळ्या माणसांना वाटले आणि आलेले सारांश एकाखाली एक चिकटवून दिले. दुसऱ्या पानावर बिल्डर 32 टक्के जादा जागा देणार, पाचव्या पानावर 25 टक्के. पार्किंगचा प्रश्न तीनदा, तीन वेगळ्या शब्दांत. तळमजल्यावरचे काका कागद घेऊन आले आणि म्हणाले, "अहो, यातलं खरं काय धरायचं? मी मुलाला काय कळवू?" विचारलं तर ऑफिसचं उत्तर एकच : "सभेत जे बोललं गेलं तेच लिहिलंय." मग ते काम मीच अंगावर घेतलं.

तुकडे पाडणं सोपं गेलं. लांबी मोजायची नाही, विषय बदलतो तिथे कापायचं. "आता भाड्याचं बघू" असं चेअरमन म्हणाले की तिथे कात्री. प्रत्येक तुकड्याच्या आधी मागच्या तुकड्याची शेवटची दोन-तीन मिनिटं ठेवायची, पण ती फक्त संदर्भासाठी वाचायची. त्यातला मुद्दा पुन्हा टिपला की पुनरुक्तीची सुरुवात तिथेच होते.

खरा घोळ जोडणीत होता, आणि तो 32 आणि 25 वरच अडला. नंतरचं बोलणं खरं मानावं, तर 25 लिहायला हवं. पण सभेत बसलेल्या सगळ्यांना 32 आठवत होतं. ऑफिसच्या सारांशात कोण बोललं, कधी बोललं, कशाबद्दल बोललं, यातलं काहीच नव्हतं, त्यामुळे त्या कागदावरून निकाल लागणं शक्यच नव्हतं. सारांशांचा सारांश करून हे कधीच सुटत नाही. मूळ शब्दांकनाकडे परत जावंच लागतं, आणि परत जाता यावं म्हणून टिपणातल्या प्रत्येक ओळीला रेकॉर्डिंगमधली वेळ हवी.

म्हणून सगळे तुकडे नव्यानं टिपले. एका ओळीत एकच मुद्दा, आणि त्यासोबत वेळ, बोलणारा आणि बोलण्याचा प्रकार : मागणी, प्रस्ताव, प्रश्न, खुलासा किंवा ठराव. हा प्रकाराचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. सभासदाची मागणी सारांशात "मिळणार" होऊन बसते ती हा रकाना नसतो म्हणून.

मग चित्र स्पष्ट झालं. 1:10 ला बिल्डरचा प्रतिनिधी, प्रस्ताव : जादा एरिया 32 टक्के. 2:48 ला आर्किटेक्ट, प्रस्ताव : 25 टक्के कार्पेट, म्हणजे घराच्या आतली वापरायची जागा. आणि 4:05 ला, एका सभासदानं खोदून विचारल्यावर, प्रतिनिधीचा खुलासा : बत्तीस बाल्कनी धरून, पंचवीस नुसतं कार्पेट. ज्यांचं सध्याचं कार्पेट 500 चौरस फूट आहे त्यांना 25 टक्क्यांनी 625 मिळतात आणि 32 टक्क्यांनी 660. मधले 35 फूट म्हणजे बाल्कनी. रेरा कायद्याच्या व्याख्येत स्वतंत्र बाल्कनी कार्पेटमध्ये धरत नाहीत, म्हणजे दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर होते. विसंगती नव्हतीच, मोजमाप वेगळं होतं. पण तो खुलासा शेवटच्या तुकड्यात होता, आणि ज्यानं तो तुकडा वाचला त्याच्यापुढे आधीचे आकडेच नव्हते. त्यानं त्याचं एका ओळीत "क्षेत्रफळावर चर्चा झाली" एवढंच करून टाकलं! ही ओळ आठवली की आजही चीड येते. त्या ओळीत काकांच्या घराचे 35 फूट गडप झाले होते.

म्हणून पुढचा तुकडा हातात घेण्याआधी एक कार्ड जवळ ठेवायला लागले : आतापर्यंत आलेली माणसं, आलेले आकडे आणि अजून उघडे असलेले प्रश्न. प्रत्येक तुकडा संपला की कार्डात भर. पुढच्या तुकड्यात कोणी "ते मघाचं" म्हणालं, तर ते कशाबद्दल हे कार्डावरून कळतं.

बांधकाम चालू असताना बिल्डरनं द्यायच्या भाड्याचं प्रकरण निराळं होतं. सुरुवातीला बिल्डर महिना 20 हजार म्हणाला, चहानंतर त्याच माणसानं त्याच घरांसाठी 24 मान्य केले. इथे खरोखर मत बदललं, म्हणून शेवटचा आकडा मुख्य मजकुरात आणि "आधीचा प्रस्ताव 20" एवढं कंसात. नंतरचं आधीच्याला खोडतं ते फक्त माणूस तोच, गोष्ट तीच आणि त्याला शब्द देण्याचा अधिकार असेल तेव्हाच. बांधकामाच्या मुदतीत मात्र असं काही झालं नाही. चेअरमन 30 महिन्यांवर अडून होते आणि बिल्डर 36 वर, सभा संपेपर्यंत. तिथे दोन्ही आकडे नावानिशी लिहिले आणि खाली "एकमत झालं नाही". गुळगुळीत करायला म्हणून मधला आकडा काढणं किंवा एक गाळणं म्हणजे न झालेला निर्णय झाला असं लिहिणं.

पुनरुक्ती घालवायला जोडणी विषयवार केली, तुकड्यांच्या क्रमानं नाही. बी विंगमधल्या ताईंनी पार्किंग तीनदा काढलं होतं. तिन्ही ओळी शेजारी ठेवल्यावर दिसलं की पहिल्या दोन सारख्याच आहेत, पण तिसऱ्यात त्यांनी दुचाकींची जागा वेगळी मागितली आहे. तीन ओळींची एक ओळ केली, दुचाकी ठेवली, तिन्ही वेळा लिहिल्या आणि पुढे "उत्तर मिळालं नाही" असं नोंदवलं. नुसती एक ठेवून दोन खोडल्या असत्या तर दुचाकी गेल्या असत्या.

अटींवरही लक्ष हवं. कॉर्पसची, म्हणजे सभासदांना एकरकमी द्यायच्या निधीची, रक्कम "महापालिकेची परवानगी आल्यावर" देणार, असं बिल्डर म्हणाला होता. ऑफिसच्या कागदात रक्कम होती, अट नव्हती. त्यामुळे "तर", "आल्यावर", "धरून", "सोडून" हे शब्द असलेलं वाक्य आटोपशीर करताना अट आकड्याच्याच ओळीत ठेवायची, पुढच्या ओळीत ढकलायची नाही.

मसुदा झाल्यावर उलट तपासणी केली. अंतिम मजकुरातला प्रत्येक आकडा घ्यायचा आणि त्याच्या वेळेवर जाऊन रेकॉर्डिंग ऐकायचं. शिवाय शब्दांकनात "मघाशी", "नाही नाही", "ते सोडा", "म्हणजे असं की" हे शोधायचे, कारण माणसं आपलं बोलणं दुरुस्त करतात ती बहुतेक याच शब्दांनी. समितीनं माझा मसुदा एका बैठकीत मंजूर केला. सगळं मिळून चार पानं, आणि एकही मुद्दा दोनदा नाही. काकांनी मुलाला त्याच संध्याकाळी पाठवला, याचा मला मनापासून आनंद आहे.

हे आधी सांगायला हवं होतं : आकडे शोधताना फक्त अंकांत शोधू नका. सॉफ्टवेअर कुठे 2500 लिहितं, कुठे "अडीच हजार", तर कुठे "पंचवीसशे". सव्वा, दीड, अडीच, पावणे, साडे हे सगळे स्वतंत्रपणे शोधा. आमचा 4:05 चा खुलासा "बत्तीस" असा अक्षरात होता, 32 शोधून तो कधीच सापडला नसता.